कागदावरचे आठवडे, पोटातले आठवडे

सोनोग्राफीच्या टेबलावर बाई आडवी होण्याआधीच आम्ही तिला विचारतो, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? उत्तर बहुतेक वेळा महिन्यांत येतं. ‘दुसरा लागलाय’, ‘दोन पूर्ण झाले’. सोबत सासूबाई असतील तर त्या ‘संकष्टीच्या आदल्या दिवशी’ असं सांगतात, आणि त्यांचा हिशेब कित्येकदा सुनेच्या मोबाइलपेक्षा पक्का निघतो. आम्हाला मात्र तारीखच लागते, कारण गर्भाचं वय आठवड्यांत मोजतात आणि ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.

त्यामुळे होतं काय, की पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. समजा, पाळी १ जूनला आली आणि ती दर अठ्ठावीस दिवसांनी येणारी आहे. १ जूनपासून पहिला आठवडा धरायचा. त्या आठवड्यात अंगावरून जातंय, दुसऱ्या आठवड्यात अंडाशयात एक बीज पिकतंय. १५ जूनच्या सुमाराला ते बाहेर पडतं. त्यानंतर ते जेमतेम दिवसभर टिकतं. तेवढ्यात शुक्राणू भेटला तर फलन होतं, आणि तेही गर्भपिशवीत नाही, तिच्या बाजूच्या नलिकेत. त्या दिवशी मूल शून्य दिवसांचं असतं आणि कागदावर दोन आठवड्यांचं. हिशेब असा उलटा धरण्याचं कारण साधं आहे. पाळी दिसते, फलन कुणालाच दिसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ही पेशी नलिकेतून गर्भपिशवीकडे सरकत असते. एकाच्या दोन, दोनाच्या चार असं विभाजन चालू असतं, पण एकूण आकार वाढत नाही. टाचणीच्या टोकाहूनही लहान जागेत पेशी नुसत्या बारीक होत जातात. पाचव्या दिवशी आतून पोकळ असा गोळा होतो. त्याच्या आत एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका असतो, त्यातून मूल होणार. बाहेरच्या थरातून वार होणार. या वेळी वारेच्या वाटणीच्या पेशीच जास्त असतात. घर आधी, माणूस नंतर. २१-२२ जूनपासून हा गोळा गर्भपिशवीच्या अस्तरात रुतायला लागतो आणि चौथ्या आठवड्यात त्यात पुरता बुडतो. बाहेरच्या थरातून एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं. २९ जूनला पाळी यायला हवी, ती येत नाही, आणि लघवीच्या पट्टीवर दोन रेषा उमटतात त्या याच संप्रेरकामुळे.

ही पट्टी गर्भ आहे एवढंच सांगते, कुठे आहे ते सांगत नाही. गोळा नलिकेतच अडकून तिथेच रुजला तरी रेषा दोनच येतात. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखायला लागलं, थोडं अंगावरून गेलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाशी दुखलं, तर आठवडे मोजत घरी बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

पाचवा आणि सहावा आठवडा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेकींच्या हातून नकळत निसटतो. गर्भ आता तीन थरांची चपटी चकती असतो. तिच्या पाठीवर मधोमध एक खाच पडते, खाचेच्या दोन्ही कडा वर येतात आणि एकमेकींना चिकटतात. करंजी मिटताना आपण मध्ये चिमटून मग दोन्ही टोकांकडे जातो, तसं हे मिटणं मानेपाशी सुरू होऊन डोक्याकडे आणि कमरेकडे सरकत जातं. अशी जी नळी तयार होते, तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. १३ जुलैपर्यंत, म्हणजे सहा आठवडे भरतात तोवर, तिची दोन्ही टोकं बंद झालेली असतात. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू नीट बनत नाहीत, असं मूल जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर पाठीचा कणा दुभंगलेला राहतो.

आता तारखा जुळवून पाहा. पाळी चुकली २९ जूनला, नळी मिटून संपली १३ जुलैला. मधे फक्त दोन आठवडे. ‘आणखी थोडे दिवस बघू, मग दाखवू’ म्हणत बाई जुलैच्या शेवटी येते, आम्ही फोलिक ॲसिड लिहून देतो, आणि ज्या कामासाठी ते मुख्यतः द्यायचं ते काम उरकलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं, की दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची. औषधाच्या दुकानात बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, ती याच्या बारापटीहून मोठी आहे. आधीच्या बाळाला असा दोष होता अशा बाईला डॉक्टर मोठी मात्रा देतात, बाकीच्यांनी विचारून घ्यावी.

याच दिवसांत हृदय चालू होतं. साधारण ७ जुलैला एका साध्या नळीत पहिलं आकुंचन होतं. कप्पे नाहीत, झडपा नाहीत, तरी ती हलायला लागते. सोनोग्राफीत ते सहाव्या आठवड्याच्या शेवटी दिसतं, चार-पाच मिलिमीटरच्या, मुगाएवढ्या ठिपक्यात काहीतरी लुकलुकावं तसं. ठोके सुरुवातीला मिनिटाला शंभर-एकशेदहा असतात, नवव्या आठवड्यापर्यंत १७० च्या आसपास जातात आणि मग हळूहळू उतरतात. ‘आधी १७० होते, आता १५५ आले, काही बिघडलं का’ असं घाबरून विचारणाऱ्या बाईला म्हणूनच निश्चिंत करता येतं.

सातव्या-आठव्या आठवड्यात हातापायांचे कोंब वल्ह्यासारखे चपटे होतात. बोटं त्यातून फुटून बाहेर येत नाहीत. वल्ह्याच्या आत बोटांच्या रेघा तयार होतात आणि मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात, त्या फटींमुळे बोटं सुटी होतात. कोणत्या दिवशी काय घडतं याचा नकाशा वैद्यकाला थॅलिडोमाइडने क्रूरपणे दाखवून दिला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विकायला आलेलं हे झोपेचं औषध गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं गेलं आणि १९६१ साली मागे घेतलं गेलं. घातक दिवस होते पाळीपासून साधारण ३४ ते ५०, आपल्या हिशेबात ५ ते २१ जुलै. सुरुवातीच्या दिवसांत गोळी घेतली गेली तर कान बिघडत, नंतर हात, त्यानंतर पाय. पन्नास दिवसांनंतर तीच गोळी हातापायांना काही करत नसे. ‘पहिल्या तीन महिन्यांत विचारल्याशिवाय औषध नको’ हे वाक्य आपण ऐकून सोडून देतो, त्याच्यामागे हे दिवस आहेत.

नवव्या आठवड्यातली एक गोष्ट सांगितली की बायका चकित होतात. आतडी इतकी भराभर वाढतात की पोटात मावत नाहीत, आणि ती चक्क नाळेच्या मुळाशी बाहेर जाऊन राहतात. सोनोग्राफीत तिथे फुगवटा दिसतो. तो दोष नव्हे. बाराव्या आठवड्यापर्यंत आतडी वळसा घेत आत परततात. त्यानंतरही बाहेर राहिली तर मात्र नीट तपासावं लागतं.

दहा आठवडे भरले, म्हणजे १० ऑगस्टला, डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी तीन सेंटिमीटर असते. पाय यात धरत नाहीत, म्हणून मोबाइलवरच्या ॲपमधलं फळ आणि आमच्या रिपोर्टमधला आकडा पुष्कळदा जुळत नाही. शेपटी गेलेली असते, बोटं सुटी झालेली असतात, अवयवांची मांडणी झालेली असते. पुढे वाढ आणि बारकावे. आईचं रक्त मात्र अजून वारेत मोकळं खेळत नसतं. गर्भाच्याच पेशींनी त्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी बूच मारलेलं असतं, आणि गर्भ तोवर गर्भपिशवीच्या ग्रंथींच्या स्रावावर, कमी प्राणवायूत वाढतो. बुचं सुटून रक्त खुलं होतं ते दहाव्या ते बाराव्या आठवड्यात. उलट्यांमुळे आईच्या पोटात अन्न ठरत नाही तेव्हा ‘बाळाला काय मिळत असेल’ म्हणून घरचे हवालदिल होतात. पण त्या काळात त्याची भूक फार थोडी असते. आईच्या पोटात पाणीही ठरेना किंवा लघवी कमी झाली, तर मात्र तिच्यासाठी सलाइन लावावं लागतं.

आता त्याच १ जूनची तारीख सांगणारी दुसरी एक बाई घ्या. तिची पाळी चाळीस दिवसांनी येते, पण हे तिला कुणी विचारलेलं नाही. २० जुलैला, कागदावर सात आठवडे भरले असताना सोनोग्राफी होते. पिशवी दिसते, आत गर्भ नाही, ठोके नाहीत. ‘ठोके आले नाहीत’ हे शब्द घरी पोचतात आणि रडारड सुरू होते. इथे घाई करायची नसते. गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर झाला आणि आत गर्भच नाही, तरच वाढ थांबली असं म्हणता येतं. याहून लहान असेल तर थांबून पुन्हा बघायचं. आकडे पार झाले आणि खरंच वाढ थांबलेली असली, तर त्यात बहुधा गुणसूत्रांची चूक असते. बाईने खाल्लेल्या पपईचा किंवा उचललेल्या बादलीचा त्यात हात नसतो.

या बाईची पिशवी लहान होती. ३ ऑगस्टला परत पाहिलं, तेव्हा गर्भ ९ मिलिमीटरचा होता आणि ठोके चालू होते. या टप्प्यात सोपा हिशेब असा, की मिलिमीटरमध्ये ४२ मिळवले की दिवस निघतात. ९ अधिक ४२, एक्कावन्न दिवस, म्हणजे सात आठवडे दोन दिवस. पाळीवरून मात्र त्या दिवशी नऊ आठवडे भरत होते. बीजच बारा दिवस उशिरा सुटलं होतं. फाइलीवरची ८ मार्च ही प्रसूतीची तारीख खोडून तिथे २० मार्च लिहिली गेली.

तरी २४ ऑगस्टला, तिसरा महिना भरत आला म्हणून, घरच्यांनी तिला मानेमागच्या पाण्याच्या थराची तपासणी करायला आणलंच. हा थर जाड असेल तर डाउन सिंड्रोमची किंवा हृदयदोषाची शक्यता वाढते, पण तो मोजायला गर्भ ४५ ते ८४ मिलिमीटरचा लागतो. तिचा चौतीस भरला. परत पाठवलं. ५ सप्टेंबरला आली तेव्हा ५४ मिलिमीटरचं पोर हात उडवत होतं आणि हनुवटी छातीला टेकवून बसलं होतं. हनुवटी टेकलेली असली की मानेचं माप चुकतं. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नाही अशी पाटी असूनही आत्याबाईंनी हळूच विचारलंच. सांगणं कायद्याने गुन्हा आहे, आणि तसंही या आठवड्यात बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. बाईला उठवलं, पाणी प्यायला लावलं आणि व्हरांड्यात दहा मिनिटं चालून यायला सांगितलं.