बटण दाबलं, पण ऑर्डर वाढली का?

प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतीत हमखास येणारा एक प्रश्न आहे. ‘आपल्या किराणा ॲपमध्ये मागची ऑर्डर एका टिचकीत पुन्हा मागवायचं बटण दिलं, तर किती फायदा होईल?’ खरा आकडा समोरच्यालाही ठाऊक नसतो. उमेदवार अंदाजापर्यंत कसा पोचतो, हे त्याला ऐकायचं असतं. म्हणून इथे मनातल्या मनात हिशोब करून चालत नाही, तो बोलत बोलत मांडावा लागतो.

सुरुवात उलट प्रश्नाने करावी : ‘कंपनीला या वर्षी काय हवंय? नवे ग्राहक, की जुन्यांकडून जास्त ऑर्डरी?’ उत्तर ‘जुन्यांकडून’ असं आलं, तर एक मिनिट मागून घ्यावं, कागदावर तीन ओळी लिहाव्यात आणि वाट आधीच सांगावी : ‘आधी फायदा कुणाला ते बघतो, मग आकडा काढतो, शेवटी तो कसा तपासायचा ते सांगतो.’ त्यामुळे ऐकणाऱ्यालाही आपण कुठवर आलो ते कळत राहतं.

आता हिशोब. समजा, महिन्याला 6 लाख लोक ॲप उघडतात आणि त्यांतल्या निम्म्यांनी, म्हणजे 3 लाखांनी, आधी कधीतरी खरेदी केलेली आहे. इथे बहुतेक जण घसरतात. ते म्हणतात, ‘यांतले 20 टक्के बटण वापरतील, म्हणजे 60 हजार ऑर्डरी. सरासरी 400 रुपयांची ऑर्डर धरली, तर 2 कोटी 40 लाखांची विक्री.’ पण हे 60 हजार लोक बटण नसतं तर आलेच नसते का? बरेचसे आले असते, यादी हाताने भरून तेच तूरडाळ-तेल त्यांनी मागवलं असतं. वापर झाला, पण भर पडली नाही.

म्हणून मोजायचे ते ॲप उघडून काहीच न घेता परत जाणारे जुने ग्राहक. ते 30 टक्के धरले, तर 90 हजार होतात. त्यांतले एक तृतीयांश यादी भरण्याच्या कंटाळ्याने जातात असं मानू, म्हणजे 30 हजार. त्यांतल्या पाचातला एक बटणामुळे थांबला, तर नव्या ऑर्डरी 6 हजार आणि विक्री 24 लाख. आधीच्या आकड्याच्या बरोबर एक दशांश.

यातला सगळ्यांत कच्चा दुवा कोणता, हेही उमेदवाराने स्वतःहून बोलून दाखवावं. तो ‘एक तृतीयांश’ हाच. कंटाळ्याने जाणारे दहातला एकच निघाले, तर 6 हजारांचे 1,800 होतात. दोन-तीन वस्तू टोपलीत टाकून किती जण निघून जातात, हे नोंदींत बघता येतं, आणि अशा दहा ग्राहकांना फोन करून कारणही विचारता येतं.

मग पुढचा प्रश्न येतो : ‘हे आधी करायचं, की पेमेंट अडकल्यावर लगेच दुसरा मार्ग सुचवायची सोय?’ समजा, त्या सोयीने 4 हजार ऑर्डरी वाचतात. वरवर बटण सरस दिसतं. पण बटणाला दोन माणसांचा एक महिना लागतो आणि अंदाजावर आपला विश्वास निम्माच आहे. 6 हजारांचे निम्मे 3 हजार, भागिले दोन म्हणजे 1,500. पेमेंटची सोय एका माणसाचं महिन्याभराचं काम आहे आणि अडकलेल्या पेमेंटची नोंद हाताशी असल्याने विश्वास 80 टक्के. उत्तर 3,200. पेमेंट आधी. ‘इंटरकॉम’ कंपनीतून आलेली ‘राइस’ नावाची पद्धत अशाच विचारावर उभी आहे : किती जणांपर्यंत पोचणार, किती फरक पडणार, किती खात्री, आणि भागिले मेहनत. मात्र आकडे कशावरून घेतले ते न सांगता नुसतं सूत्र म्हणून दाखवणारा उमेदवार दुसऱ्याच उपप्रश्नाला अडतो.

राहिली यशाची मोजपट्टी. ‘बटण किती वेळा दाबलं’ ही मोजपट्टी नव्हे, कारण आधीच ऑर्डर करणारेही ते दाबणारच. निम्म्या जुन्या ग्राहकांना बटण दाखवायचं, निम्म्यांना नाही, आणि दोन्ही गटांत महिन्याभरात दर ग्राहकामागे किती ऑर्डरी आल्या ते ताडून बघायचं. सोबत राखण करणारा एक आकडाही ठेवायचा : सरासरी ऑर्डर किती रुपयांची? मागचीच यादी मागवणारा ग्राहक दुकानभर फिरत नाही, त्यामुळे दिवाळीचा फराळ किंवा नवा मसाला त्याच्या नजरेलाच पडत नाही. ऑर्डरी वाढल्या आणि प्रत्येक ऑर्डर 400 वरून 350 वर आली, तर 3 लाखांतल्या उरलेल्या 2 लाख 10 हजार नेहमीच्या ग्राहकांकडूनच महिन्याला 1 कोटी 5 लाखांची विक्री कमी होईल. तिच्यापुढे नवे 24 लाख कुठेच पुरत नाहीत. हे वाक्य उमेदवाराने आपणहून उच्चारलं, की समोरचा पेन खाली ठेवून ऐकू लागतो.