हनवटीवरचे तीन ठिपके

सातारा जिल्ह्यातल्या एका घरात लग्नाचा एकच फोटो उरला होता. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. गावच्या आठवडी बाजारात पडदा लावून बसणाऱ्या फोटोवाल्याने काढलेला. नवरा खुर्चीत, नवरी शेजारी उभी. काचेच्या फ्रेममध्ये, देवघराच्या भिंतीवर, कित्येक पावसाळे काढलेला. आजी गेली, घर नव्याने बांधायला काढलं, फ्रेम खाली उतरवली, तेव्हा नातवाच्या लक्षात आलं की फोटो काचेला चिकटलाय आणि आजीच्या चेहऱ्यावर तपकिरी ढग पसरलाय. आबांना न सांगता त्याने तो पुण्यात फोटो दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे नेला.

त्या माणसाने पहिलं काम केलं ते म्हणजे फोटो काचेवरून काढला नाही. जुन्या कृष्णधवल फोटोत चित्र असतं चांदीच्या बारीक कणांचं, आणि ते कण धरून ठेवलेले असतात जिलेटिनच्या थरात. भिंतीला ओल आली की जिलेटिन मऊ पडतं आणि काचेला धरतं. अशा वेळी घरचे लोक ब्लेडने किंवा नखाने फोटो सोडवायला जातात आणि कागद हातात येतो, चेहरा काचेवर राहतो. इथेही कुणीतरी एका कोपऱ्यातून प्रयत्न केलेला होता. पदराचा तुकडा आणि आजीच्या डाव्या डोळ्याची कड त्यातच गेली होती.

घरातल्या चपट्या, स्वस्त स्कॅनरवर काचेतून असा फोटो नीट येत नाही, कारण त्यातले बरेचसे फक्त अगदी टेकलेल्या कागदावरच फोकस धरतात. म्हणून त्याने फ्रेम टेबलावर आडवी ठेवली, वर कॅमेरा बसवला, दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावले. काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब दिसू नये म्हणून लेन्सभोवती काळं कापड धरलं. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पोस्टकार्डाएवढा फोटो चौकटभर घेतला, तर दीड सेंटिमीटरच्या चेहऱ्याला उभे साडेसहाशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. आठ बाय दहा इंचांत दोघंच मावतील इतपत मोठी प्रत त्यातून निघते. फोटो मुळातच जेवढा रेखीव असेल तेवढाच राहतो, हे मात्र गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं.

आणि फोटो कृष्णधवल असला तरी तो रंगीतच टिपायचा. यातच खरी गंमत आहे. रंगीत चित्र संगणकात तीन थरांत साठतं : लाल, हिरवा, निळा. चांदीचं मूळ चित्र करडं, म्हणून ते तिन्ही थरांत जवळपास सारखं दिसतं. ओलीचा किंवा धुताना कागदात राहून गेलेल्या हायपोचा डाग मात्र पिवळा-तपकिरी असतो. तो निळ्या थरात गडद दिसतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. नुसता लाल थर निवडला तसा आजीच्या चेहऱ्यावरचा ढग बराचसा विरला. अर्धं काम एका क्लिकवर झालं म्हणायचं.

उरलेलं अर्धं सोपं नव्हतं. बुरशीचे काळे ठिपके तिन्ही थरांत काळेच राहतात. ते एकेक करून, शेजारच्या निर्मळ कातडीचा नमुना घेऊन बुजवावे लागतात. डोळ्याची गेलेली कड भरायला बरेच जण उजवा डोळा उलटा करून डावीकडे लावतात आणि फसतात. बुबुळातली दिव्याची चकाकी दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला असायला हवी. उलटवलेल्या डोळ्यात ती विरुद्ध बाजूला जाते आणि माणूस तिरळा नसूनही परका दिसतो. या माणसाने नातवाकडून आजीचं मतदार ओळखपत्र मागवून घेतलं आणि पापणीची ठेवण त्यावरून बेतली. म्हातारपणी पापणी ओघळते, पण तिचा मूळ आकार कळतो.

नातवाला फोटो रंगीतही हवा होता. त्याला तो नाही म्हणाला, आणि माझ्या मते बरोबर म्हणाला. करड्या छटेतून लुगडं लाल की हिरवं हे कळत नाही. दोन्ही एकाच करड्यात उतरू शकतात. रंग भरता येतो, पण तो भरणाऱ्याचा असतो.

फोटो घरी आला तो आठ बाय दहाचा, चकचकीत नसलेल्या कागदावर. आबांचा मोतीबिंदू काढलेला, चमकणाऱ्या कागदावर त्यांना फक्त खिडकी दिसली असती. सकाळच्या उजेडात, सोप्यात बसवून नातवाने फोटो हातात दिला. सगळे डोळ्यांत पाणी यायची वाट बघत उभे. आबांनी आधी स्वतःच्या मनगटाकडे बोट केलं.

"ह्ये घड्याळ माझं न्हाई. तुझ्या मामा-आजोबाचं. फोटोपुरतं घातल्यालं."

मग त्यांची नजर शेजारी गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली.

"आबा, ओळखलं का?"

"व्हय. पर लई ल्हान दिसती की रं." आणि थोड्या वेळाने, "हिचं गोंदाण कुठं गेलं?"

घरात कुणाला काहीच कळेना. आजीच्या हनवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते. उतारवयात सुरकुत्यांत ते पुसट झालेले, म्हणून सुनांनी आणि नातवंडांनी कधी नीट बघितलेच नव्हते. ओळखपत्रावरच्या टिकलीएवढ्या चेहऱ्यात ते दिसणं शक्य नव्हतं. आबांच्या डोळ्यांसमोर मात्र लग्नातली हनवटी होती.

दुरुस्ती करणाऱ्याने ते बुरशी समजून बुजवले होते. गोंदणाची शाई काळी, पण कातडीखालून ती निळसर-हिरवी दिसते. कृष्णधवल फोटोत तिचा फिका करडा ठिपका होतो, आणि तो चित्राचाच भाग असल्याने तिन्ही थरांत सारखा राहतो. बुरशीचा ठिपकाही तसाच राहतो. म्हणजे डाग ओळखायची जी युक्ती पिवळ्या ढगाला लागू पडली, ती इथे निरुपयोगी. बुरशी ओळखायची दुसरी खूण म्हणजे ती पृष्ठभागावर वाढते. दिवा अगदी आडवा धरला की तिथली चमक गेलेली दिसते. पण इथे फोटोवर काच घट्ट बसलेली, त्यामुळे तेही तपासता आलं नव्हतं. ठिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर होते एवढा एकच सुगावा होता, आणि शेकडो ठिपक्यांच्या गर्दीत तो निसटला.

नातवाने तिथूनच फोन लावला. सुदैवाने त्या माणसाने सगळी बुजवणी मूळ चित्राच्या वर वेगळ्या थरावर केली होती, मूळ चित्राला हात लावला नव्हता. वरच्या थरात हनवटीजवळ तीन जागी खोडरबर फिरवला, खालचे ठिपके जसेच्या तसे वर आले. हेच काम मूळ चित्रावर केलं असतं, तर ठिपके पुन्हा अंदाजाने काढावे लागले असते.

दुसरी प्रत आली. आबांनी ती हनवटीपासून बघायला सुरुवात केली आणि म्हणाले, "आता बराबर." पहिली प्रत त्यांनी परत पाठवायला लावली.

तुमच्याकडे असा फोटो असेल, तर तो काचेवरून सोडवू नका, फ्रेमसकट न्या. दुरुस्त प्रतीबरोबर दुरुस्तीआधीचं रंगीत चित्र आणि थर राखलेली फाइलही मागून घ्या. आणि काम देण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला फोटो दाखवून तीळ, गोंदण, देवीचे व्रण, दात पडलेला होता का, हे विचारून कागदावर लिहून न्या. आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत थोडा बिघडेल, पण चेहरा बरोबर येईल.