आठवडा झाला, सही नाही

करार पाठवून आठवडा झाला की ‘काय झालं?’ असा मेसेज जातो आणि उत्तरही तितकंच मोघम येतं. त्यापेक्षा आधी फोन करावा. ई-सहीची लिंक कित्येकदा स्पॅममध्ये पडलेली असते. करार मिळाला असेल, तर कुठलं कलम अडलंय ते विचारावं. माझ्या अनुभवात गाडी बहुधा आगाऊ रकमेवर अडते. मग लिहावं: “नमस्कार, ३ तारखेचा करार पुन्हा जोडला आहे. शुक्रवारपर्यंत सही मिळाली, तर सोमवारी काम सुरू करू.”

सहीआधी काम मात्र सुरू करू नका. १८७२च्या करार कायद्यानुसार वर्तनातूनही करार होऊ शकतो, पण तो कुठल्या अटींवर झाला, हे सिद्ध करणं फार अवघड जातं.