दवाखान्याची पायरी चढताना

दवाखान्याच्या पायरीशी आल्यावर कुत्रा चारही पाय रोवतो, शेपूट पोटाखाली घेतो आणि मालकाच्या पायांमागे लपतो. हा हट्ट नव्हे. त्या पायरीपलीकडे काय घडते ते त्याच्या पक्के लक्षात असते. स्पिरिटचा वास येतो, स्टीलच्या थंड टेबलावर पाय घसरतात, अनोळखी हात मान दाबून धरतात आणि मागोमाग सुई टोचते. वास, टेबल, हात आणि दुखणे यांची साखळी दोन-तीन भेटींतच जुळते. मग सुई नसलेल्या दिवशीही नुसत्या वासाने अंग थरथरू लागते. काही कुत्री तर रिक्षा त्या गल्लीत वळली की कापायला लागतात.

ही साखळी ज्या नियमाने जुळते, त्याच नियमाने ती सैलही करता येते. अन्नाआधी ठरावीक आवाज वारंवार ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी दाखवून दिले. घरी करायच्या सरावात आवाजाच्या जागी स्पर्श येतो: आधी स्पर्श, मग खाऊ. हा क्रम उलटला की सगळे बिघडते, आणि बहुतेक घरांत तो उलटाच असतो. चिकनचा तुकडा दाखवून कुत्र्याला जवळ बोलावायचे आणि मग नखे कापायची, असे चार वेळा झाले की चिकन दिसताच तो सोफ्याखाली जातो. त्याच्या लेखी चिकन म्हणजे आता नखे कापली जाणार असल्याची सूचना असते.

सरावासाठी उकडलेले चिकन किंवा पनीर घ्यावे आणि मटाराच्या दाण्याएवढे तुकडे करावेत. एका वेळी दोन-तीन मिनिटे पुरतात. सुरुवात कुत्र्याला आवडणाऱ्या जागेपासून होते. खांद्यावर एक सेकंद हात ठेवायचा, काढायचा आणि मग दुसऱ्या हाताने तुकडा द्यायचा. हात आला की कुत्रा आनंदाने खाऊच्या हाताकडे पाहू लागला, तरच पुढे सरकायचे: खांद्यावरून कोपर, कोपरावरून पंजा, मग पंजा क्षणभर उचलणे. कानाची पाळी उलटणे, ओठ वर करून दात पाहणे, ताप मोजताना उचलतात तशी शेपूट उचलणे हे सगळे याच पद्धतीने, पण निरनिराळ्या दिवशी करावे.

दवाखान्यात नेमके काय होते त्याची हुबेहूब नक्कल केली तर सराव जास्त उपयोगी पडतो. पुढच्या पायातून रक्त घेताना साहाय्यक कोपरामागे हात धरून पाय पुढे आणतो आणि शीर फुगावी म्हणून अंगठ्याने वरून दाब देतो. मग कापसाने जागा पुसली जाते. घरी तसेच कोपर धरावे, अंगठ्याने एक सेकंद दाबावे, सोडावे, खाऊ द्यावा. काही दिवसांनी त्यात ओला कापूस आणि त्यानंतर पेनाच्या बोथट टोपणाचा हलका दाब जोडावा. लस बहुधा खांद्याजवळच्या सैल कातडीखाली देतात. तिथली कातडी चिमटीत उचलून टोपण टेकवले, की त्याचीही तयारी होते.

कुत्रा घाबरत चालला आहे हे गुरगुरण्याच्या बरेच आधी दिसते. तो भूक नसताना ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, तोंड वळवतो पण डोळ्याच्या कोपऱ्यातून हाताकडे बघत राहतो, तेव्हा डोळ्यांची पांढरी कड दिसते. सगळ्यात फसवे लक्षण म्हणजे एकदम स्तब्ध होणे. ‘बघा, किती शांत उभा आहे’ असे लोक म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा तो भीतीने ताठरलेला असतो. नेहमीचा लाडका खाऊ त्याने नाकारला, तर पायरी फार मोठी घेतली गेली असे समजून दोन पायऱ्या मागे यावे.

यावरचा एक चांगला उपाय म्हणजे थांबवण्याचा हक्क कुत्र्यालाच देणे. त्याला दुमडलेल्या उशीवर हनुवटी टेकवायला शिकवतात. हनुवटी टेकलेली असेपर्यंत स्पर्श चालू राहतो आणि त्याने ती उचलली की त्याच क्षणी हात मागे घेतला जातो. असा कुत्रा सारखा निसटून जाईल असे वाटते. घडते उलटेच. नको म्हणायची सोय आहे हे कळले की त्याला दात दाखवायची गरज कमी पडते आणि तो जास्त वेळ टिकतो. मात्र कालपर्यंत कानाला हात लावू देणारा कुत्रा आज अचानक ओरडला, तर तो सरावाचा प्रश्न नाही. कान दुखत असणार. अशा वेळी सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधायचे मुसके खेड्यांत सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याच्या मुसक्याकडे, म्हणजे मझलकडे, मात्र लोक शिक्षा म्हणून पाहतात. हा गैरसमज जायला हवा. दुखणाऱ्या भागाला हात लागला तर गरीबातला गरीब कुत्राही चावू शकतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे दवाखान्यातला साधा चावाही लशींच्या फेऱ्या आणि मनस्ताप घेऊन येतो. मुसके असले की डॉक्टर आणि साहाय्यक निर्धास्त असतात, कुत्र्याला कमी जोर लावून धरतात, आणि त्यामुळे त्याची भीतीही कमी होते.

मुसके टोपलीच्या आकाराचे, जाळीदार असावे. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. टोपलीत त्याला पूर्ण तोंड उघडता येते, पाणी पिता येते, जाळीतून खाऊही घेता येतो. दुकानात सहज मिळणारी कापडी नळी तोंड मिटूनच टाकते. उन्हाळ्यात ती काही मिनिटांपलीकडे ठेवणे धोक्याचे असते, आणि तिच्यातून खाऊ देता येत नसल्याने सरावालाही ती निरुपयोगी आहे. टोपली नाकाच्या टोकाला घासू नये, डोळ्यांना लागू नये आणि पट्ट्याखाली एक बोट जावे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांसाठी वेगळ्या घडणीचे मुसके लागते.

समजा, चार वर्षांची एक गावठी कुत्री आहे. मागच्या वेळी नख खोल कापले जाऊन रक्त आले आणि तिने साहाय्यकाच्या हातावर झडप घातली. रेबीजची वार्षिक लस सहा आठवड्यांवर आली आहे. पहिल्या आठवड्यात मुसके नुसते वाटीसारखे हातात धरायचे आणि तळाशी वाटलेले चिकन लावायचे. ती आपणहून नाक आत घालते, चाटते, बाहेर काढते. मुसके तिच्या तोंडाकडे न्यायचे नाही, तिने मुसक्याकडे यायचे, हा इथला मुख्य नियम. दुसऱ्या आठवड्यात आतला लेप बंद होतो. नाक आत गेले की जाळीतून तुकडा मिळतो, आधी एका सेकंदाला, मग तीन, पाच, दहा.

दहाव्या दिवशी घाई होते. पट्टा कानांमागे नेऊन एकदम अडकवला जातो, कुत्री ताठरते आणि पंजांनी मुसके ओरबाडू लागते. इथे रागवायचे नाही. हाक मारून तिचे लक्ष क्षणभर वळवायचे, शांतपणे मुसके काढायचे आणि त्या दिवशी सराव थांबवायचा. नंतरचे काही दिवस पट्टा मानेला नुसता टेकवून खाऊ दिला जातो, बकलचा ‘टक्’ आवाजही तिच्यापासून दूर, वेगळा ऐकवला जातो. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पट्टा पाच सेकंद अडकतो, चौथ्यात पाच मिनिटे. त्यानंतर मुसके घातले की रोजची फेरी किंवा जेवण, अशी सांगड घातली जाते. ते फक्त दवाखान्यात जाताना चढवले, तर तेही सुईची खूण होऊन बसते आणि महिन्याची मेहनत वाया जाते.

पाचव्या आठवड्यात दवाखान्याच्या नुसत्या भेटी सुरू होतात. आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ विचारून घ्यायची, दारापर्यंत जायचे, चार तुकडे द्यायचे आणि परत फिरायचे. पुढच्या वेळी आत जाऊन वजनकाट्यावर उभे राहायचे, तेवढेच करून निघायचे. सुई नसलेल्या भेटी सुईवाल्या भेटींपेक्षा जास्त झाल्या, की पायरीचा अर्थ बदलू लागतो.

आपल्याकडचे बरेच दवाखाने दुकानाच्या गाळ्याएवढे असतात. एका बाकावर मांजराची टोपली, समोर भुंकणारा लॅब्राडॉर आणि मध्ये चार फुटांची फरशी, अशी बसायची जागा असेल तर शहाणपण बाहेर थांबण्यात आहे. नाव नोंदवून फुटपाथवर किंवा झाडाच्या सावलीत थांबावे आणि नंबर आला की सरळ तपासणीच्या खोलीत जावे. कुत्र्याला बंद गाडीत मात्र एकटे सोडू नये. उन्हात गाडी काही मिनिटांत तापते. आतच बसावे लागले तर कोपरा गाठावा, पट्टा आखूड पण सैल धरावा आणि दुसऱ्या कुत्र्याशी नजरानजर होऊ नये म्हणून मध्ये स्वतः बसावे. ‘ओळख करून देऊ या’ म्हणून नाके जुळवायची ही जागा नव्हे. समोरचा आजारी असू शकतो. घरची पातळ सतरंजी पायाखाली घालावी. तीच पुढे टेबलावर टाकली की पाय घसरत नाहीत, आणि कुत्र्याला ओळखीचा वासही मिळतो. मांजराची टोपली जमिनीवर न ठेवता मांडीवर घ्यावी आणि वर टॉवेल टाकावा.

सहाव्या आठवड्यात ती कुत्री मुसके घालून आत जाते, सतरंजीवर उभी राहते आणि कातडी उचलली जाताना जाळीतून चिकन चाटत राहते. शेपूट अजून खालीच असते, कारण जुनी भीती सहा आठवड्यांत पुसली जात नाही. पण तिला दाबून धरायला दोन माणसे लागत नाहीत. काही कुत्र्यांची भीती एवढ्यानेही आटोक्यात येत नाही. त्यांच्यासाठी भेटीआधी घरी द्यायचे भीती कमी करणारे औषध डॉक्टर लिहून देऊ शकतात. माणसांची झोपेची गोळी अंदाजाने कधीही देऊ नये.

सर्वांत सोपे काम पिल्लाचे. त्याच्या लशी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि पहिल्या काही महिन्यांत अनेक फेऱ्या होतातच. वाढत्या तोंडाला आत्ताच मुसके विकत घ्यायची गरज नाही. दह्याच्या रिकाम्या, धुतलेल्या प्लास्टिकच्या डब्याच्या तळाला चिकनचा लेप लावून धरला तरी पिल्लू नाक आत घालायला शिकते. पहिल्या लशीच्या आधीच्या आठवड्यात तेवढे जरूर करावे.