आठ मिनिटांचे मनोगत

सप्टेंबर उजाडला की गावोगावच्या पतसंस्थांमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभेची धावपळ सुरू होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ नुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, ही सभा घ्यावीच लागते. छापील अहवाल सगळ्यांना मिळतो, पण तो शेवटपर्यंत वाचणारे सभासद थोडेच. आपल्या ठेवींचे काय चालले आहे हे बहुतेकांना कळते ते अध्यक्षांच्या मनोगतातून. म्हणून ते वेळेत संपले पाहिजे आणि त्यात सांगायचे ते सगळे आले पाहिजे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या की घोटाळा होतो.

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. अध्यक्षाबाईंना आठ मिनिटे दिली आहेत. संचालक मंडळाने मुद्दे ठरवून दिले आहेत : दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, ठेवी आणि कर्जे, थकबाकीचे प्रमाण, लेखापरीक्षणाचा वर्ग, लाभांश, केवायसीची कागदपत्रे देण्याचे आवाहन आणि आभार. सचिवांनी मसुदा लिहिला. संगणकाने मोजलेले शब्द ८७०. अध्यक्षाबाईंनी मसुद्यातले एक साधे, आकडे नसलेले पान उभ्याने, सभेत बोलतात तशा आवाजात वाचले, तेव्हा त्यांचा वेग मिनिटाला १०० शब्द भरला. हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याचा उसना घेऊन चालत नाही. आणि तो मोजायचा तर मोठ्याने वाचूनच, कारण मनातल्या मनात वाचताना आपण फार भरभर जातो. या हिशेबाने भाषण पावणेनऊ मिनिटांच्या आतबाहेर जायला हवे होते. चार ओळी काढल्या की झाले, असे सचिवांना वाटले.

पण अख्खा मसुदा घड्याळ लावून वाचला तेव्हा पावणेदहा मिनिटे लागली. वाढलेले मिनिट आकड्यांत दडलेले होते. ‘१४,३७,५२,८६० रुपये’ हे संगणकाच्या लेखी दोन शब्द. तोंडाने म्हणताना मात्र ‘चौदा कोटी सदतीस लाख बावन्न हजार आठशे साठ रुपये’ असे नऊ शब्द होतात. मसुद्यात अशा १४ रकमा होत्या. म्हणजे जवळजवळ शंभर शब्द कोणत्याही मोजणीत न येता भाषणात शिरले होते. ‘ता.’, ‘रु.’, ‘मा.’, ‘सौ.’ ही संक्षिप्त रूपेही कागदावर लहान दिसतात, पण त्यांतली काही तोंडात आली की पसरतात. म्हणून मसुदा तपासायला घेण्यापूर्वी सगळे आकडे अक्षरी लिहून काढावेत. मग शब्दसंख्या खरी येते आणि व्यासपीठावर कोटी-लाखांत अडखळायलाही होत नाही.

दुसरी गळती घरच्या वाचनातही सापडत नाही. ‘दिवंगत सभासदांना आपण एक मिनिट उभे राहून श्रद्धांजली वाहूया’ हे नऊ शब्दांचे वाक्य पाच सेकंदांत वाचून होते. सभेत मात्र त्यापुढे पाचशे माणसे उठणार, मिनिटभर स्तब्ध राहणार, खुर्च्या सरकवत बसणार. सव्वा मिनिट तरी जाणारच. टाळ्या, सत्कार, एखाद्याला उभे राहायला सांगणे यांचेही तसेच. अशा प्रत्येक जागी समासात सेकंद लिहून ठेवावेत. ते धरले तर हे भाषण अकरा मिनिटांचे होते. म्हणजे तीन मिनिटे कापायची, आणि माइक व सभागृहाच्या गडबडीसाठी वर अर्धे मिनिट मोकळे ठेवायचे. साडेसात मिनिटांचे भाषण हवे.

कापण्याआधी मुद्द्यांची तपासणी करायची. सचिवांनी यादीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली होती, कारण प्रत्येकाचा उल्लेख मसुद्यात कुठे ना कुठे होता. पण उल्लेख आला म्हणजे मुद्दा आला असे नव्हे. थकबाकीबद्दल मसुदा म्हणत होता, ‘वसुलीची परिस्थिती समाधानकारक आहे.’ हे ऐकून सभासदाला काय कळले? माझ्या मते यादीतला प्रत्येक मुद्दा प्रश्न करून लिहावा : थकबाकी किती टक्के, गेल्या वर्षी किती होती? लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला? कागदपत्रे कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची? मग मसुदा न पाहिलेल्या एखाद्या माणसाला भाषण ऐकवावे आणि उत्तरे लिहायला सांगावीत. ज्या प्रश्नापुढे जागा कोरी राहते, तो मुद्दा भाषणात नाही.

इथे दोन जागा कोऱ्या राहिल्या. एक थकबाकीची, दुसरी कागदपत्रांच्या तारखेची. लाभांशाचे उत्तर मिळाले, पण ते चुकीचे होते. मसुद्यात ‘दहा टक्के लाभांश देण्यात येत आहे’ असे होते. संचालक मंडळ लाभांशाची शिफारस करते, मंजुरी सभा देते, आणि तो विषय तर अजून पुढे यायचा होता. म्हणून वाक्य ‘दहा टक्के लाभांशाची शिफारस आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत’ असे झाले. भाषणातला प्रत्येक आकडा छापील अहवालाशी ताडून पाहणे हा याच तपासणीचा भाग आहे. सभेत अहवाल उघडून बसलेले दोन-तीन सभासद नेहमी असतात, आणि त्यांनी असायलाच हवे.

मग कात्री. श्रद्धांजली मंडळाच्या संमतीने सूत्रसंचालकांकडे गेली. मुद्दा सभेत राहिला, अध्यक्षांच्या वेळेतून सुटला. व्यासपीठावरच्या नऊ जणांची पदव्यांसह नावे स्वागतात घेतली जाणारच होती, तिथे ‘सर्व मान्यवर, संचालक आणि सभासद बंधू-भगिनींनो’ एवढे पुरले. १४ रकमांपैकी चार ठेवल्या, त्याही ‘सुमारे चौदा कोटी अडतीस लाख’ अशा ऐकून लक्षात राहतील इतपत पूर्णांकात. बाकीच्या अहवालात आहेतच. शेवटी स्थापनेच्या आठवणींचा परिच्छेद काढला.

आणि इथेच सगळ्यांत सहज होणारी चूक झाली. ‘संस्थापकांनी घालून दिलेल्या शिस्तीमुळेच यंदाही आपल्याला अ वर्ग मिळाला’ हे वाक्य त्या परिच्छेदाच्या टोकाला होते. परिच्छेदाबरोबर लेखापरीक्षणाचा मुद्दाही गेला. खूण तर आधीच करून झालेली, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. ऐकणाऱ्याला पुन्हा बसवले तेव्हा ती जागा कोरी सापडली. वेळेसाठी केलेली प्रत्येक काटछाट यादीला धक्का लावू शकते, आणि यादीसाठी घातलेले प्रत्येक वाक्य वेळेला. म्हणून कापून झाल्यावर यादी पहिल्यापासून तपासायची, आणि राहिलेले मुद्दे घातल्यावर घड्याळ पुन्हा लावायचे. अ वर्ग, थकबाकीचे प्रमाण आणि कागदपत्रांची तारीख तीन सुट्या वाक्यांत घातल्यावर भाषण साडेसात मिनिटांवर आले.

मुद्द्यांची वाक्ये अशी सुटी लिहिण्याचा फायदा प्रत्यक्ष सभेत कळतो. आधीचे वक्ते लांबतात, पाऊस येतो, आणि ऐनवेळी चिठ्ठी येते : ‘पाच मिनिटांत आटपा.’ त्या वेळी डोक्यात काटछाट करू पाहणारा वक्ता बहुधा शेवटचे पान सोडून देतो, आणि कामाचे आवाहन नेमके तिथेच असते. म्हणून अध्यक्षाबाईंच्या प्रतीत मुद्द्यांच्या वाक्यांखाली लाल रेघ आहे, सोडता येतील अशा परिच्छेदांना समासात १, २, ३ असे गाळण्याच्या क्रमाने आकडे आहेत, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तिथवर किती मिनिटे झालेली असावीत ते लिहिले आहे. कागदपत्रांचे आवाहन आता आभारांच्या आधी नाही, दुसऱ्या पानावर ठेवींच्या आकड्यांनंतर लगेच आहे.