काळ्या कोटाची हरवलेली कड

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडहून एका वाचकाने प्रश्न पाठवला आहे. आजोबांच्या पुण्यतिथीच्या फलकासाठी त्यांचा फोटो कापायचा आहे. अंगात काळा कोट आणि मागे गडद पडदा, त्यामुळे खांदा कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो तेच कळत नाही. स्टुडिओवाल्याने कर्व्हने काळोख उचलला तेव्हा कड दिसू लागली. ती आधी नव्हती, मग आली कुठून?

ती होतीच. साध्या फोटोत प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. समजा, कोट ८ वर आहे आणि पडदा १२ वर. आकड्यांत फरक चारचाच आहे. पण स्क्रीनवर उमटणारा उजेड या आकड्यांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. नेहमीच्या संगणकाच्या स्क्रीनवर १२ चा उजेड ८ च्या सुमारे दीडपट भरतो. दीडपट फरक डोळ्याला सहज दिसायला हवा. तो दिसत नाही, कारण खोलीतला उजेड स्क्रीनच्या काचेवर पडून परत येतो आणि दोन्ही भागांत सारखाच मिसळतो. मूळ उजेड इतका कमी असतो की या भरीपुढे दीडपटीचा फरक काही टक्क्यांवर येतो. शेजारचा पांढरा शर्ट आणि चेहरा डोळे दिपवतात ते वेगळेच. दिवा मालवून खिडकीचे पडदे ओढले, तर काही वेळा कर्व्ह न लावताही खांदा दिसू लागतो!

कर्व्ह करतो काय? आडव्या अक्षावर जुने आकडे, उभ्यावर नवे. सुरुवातीला रेष ४५ अंशांत सरळ असते, म्हणजे जुने तेच नवे. डाव्या टोकाजवळ, २० पाशी बिंदू धरून तो १२० पर्यंत उचलला की त्या भागात रेष सुमारे सहापट चढी होते. आठचे ४८, बाराचे ७२, चारचा फरक २४ चा. भूगोलाच्या पुस्तकात डोंगराचा छेद काढताना उंचीचे प्रमाण वाढवतात, तसाच हा प्रकार. डोंगर उंच झाला नाही, चढ दिसू लागला.

हा विचार संगणकाच्या खूप आधीचा आहे. इंग्लंडमध्ये रसायन उद्योगात काम करणारे फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये फोटोच्या काचेवर पडलेला उजेड आणि तिथे आलेला काळेपणा यांचा आलेख मांडला. उजेड फार कमी असतो तिथे त्यांची रेष जवळजवळ आडवी पडते, आणि अंधारातले बारकावे तिथेच एकमेकांत मिसळतात. रेषेचा चढ म्हणजे फरक दाखवण्याची ताकद, हे या दोघांनी मोजून दाखवले. छायाचित्रणाच्या गोष्टीत कॅमेरे बनवणाऱ्यांची नावे येतात, या दोघांची क्वचित. मला ते खटकते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. `Ctrl+M` दाबून मूळ फोटोवरच कर्व्ह लावू नये, काळा कोट कायमचा राखाडी होतो. कर्व्हचा वेगळा लेअर वर ठेवावा. चेहरा पांढराफटक पडेल, पडू द्यावा. हा लेअर फक्त बघण्यासाठी आहे. दिसलेल्या कडेवरून पेन टूलने मार्ग आखावा, तोही पिक्सेलभर आतून. बाहेरून आखला तर पडद्याची गडद पट्टी सोबत येते आणि फिकट फलकावर खांदा सुजल्यासारखा दिसतो. मार्गावरून मूळ फोटोच्या लेअरला मास्क लावला की कर्व्हचा लेअर काढून टाकायचा. कोट होता तसा काळा राहतो.

आपोआप निवड करणारी साधने इथे अडखळतात. कर्व्ह कडेबरोबर कॅमेऱ्याचे दाणेही सहापट वाढवतो. डोळा लांबवर पसरलेली रेष दाण्यांतूनही जोडून पाहतो. शेजारच्या पिक्सेलचा रंग जुळवत जाणारे साधन प्रत्येक दाण्याशी फसते. 

दुसरा धोका व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत असतो. जेपीईजी पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून ते दाबते आणि काळोखातले सूक्ष्म फरक त्यात सपाट होतात. कर्व्ह उचलला की हे चौकोन वर येतात, आणि त्यांच्या सीमेला कोटाची कड समजण्याची चूक होते. ओळखण्याची खूण अशी: खोटी कड नेमकी आडवी किंवा उभी जाते आणि आठ-आठ पिक्सेलवर पायरी घेते. खांद्याची खरी कड तिरकी, सलग उतरते.

आणि कोट व पडदा दोन्हीकडे आकडा शून्यच असेल, तर कर्व्ह कितीही उचला, दोन्ही बाजू सारख्याच राहतात. कर्व्ह लावण्याआधी `Info` पॅनेलमध्ये दोन्ही बाजूंचे आकडे वाचावेत. शून्य-शून्य आले तर फोनमधली मूळ फाइल मागवावी, ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावी. तिथेही शून्यच असेल, तर त्या खांद्याची रेष दुसऱ्या खांद्यावरून अंदाजाने काढावी लागते.