दुर्मीळ फसवणूक आणि खोट्या गजराचा हिशेब

सप्टेंबर 2013 मधल्या युरोपीय क्रेडिट कार्डांच्या 2,84,807 व्यवहारांची एक प्रसिद्ध यादी आहे. त्यात फसवणुकीचे व्यवहार फक्त 492. म्हणजे 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणणारा प्रोग्रामही 99.8 टक्के बरोबर ठरतो!

म्हणून इथे प्रिसिजन-रिकॉल आलेख पाहतात. आडव्या अक्षावर रिकॉल, म्हणजे खऱ्या फसवणुकींपैकी किती सापडल्या; उभ्या अक्षावर प्रिसिजन, म्हणजे दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती खरे निघाले. इशाऱ्याची अट सैल केली की आपण उजवीकडे सरकतो आणि प्रिसिजन बहुधा घसरतं.

समजा, एका मॉडेलने 80 टक्के फसवणुकी पकडल्या आणि प्रामाणिक व्यवहारांपैकी फक्त 1 टक्क्यावर चुकून बोट ठेवलं. ऐकायला झकास! पण तो 1 टक्का म्हणजे सुमारे 2,843 व्यवहार, आणि पकडलेल्या फसवणुकी 394. प्रिसिजन जेमतेम 12 टक्के. आठ इशाऱ्यांतला एक खरा. तरीही हे टाकाऊ नाही, कारण डोळे मिटून निवडलं तर प्रिसिजन 0.17 टक्केच येईल. आलेखाची तुलना या तळरेषेशी करायची, 50 टक्क्यांशी नव्हे.

डावं टोक मात्र जपून वाचावं. तिथे इशारे मोजकेच असतात, एखादा चुकला तरी रेषा धाडकन कोसळते.

आणि चाचणीसाठी फसवे व प्रामाणिक व्यवहार निम्मे-निम्मे घेतले, तर हेच मॉडेल जवळपास 99 टक्के प्रिसिजन दाखवेल. असा आलेख कुणी पुढे केला, तर आधी मूळ प्रमाण विचारा.